जुन्या साहेबांच्या वर्षपूर्तीवर ‘ते प्रोजेक्ट’ आठवताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या कारखान्यात ज्यांच्या हाताखाली काम केलं, ते साहेब आता दुसरीकडे असतात. एक दिवस लिंक्डइनवर त्यांची पोस्ट दिसते, नव्या कंपनीत इतकी वर्षं पूर्ण झाल्याची. खाली तीस-चाळीस अभिनंदनं आलेली असतात आणि त्यात हमखास एक ओळ असते: ‘अभिनंदन सर, आपण केलेलं ते प्रोजेक्ट कायम लक्षात राहील.’

कुठलं प्रोजेक्ट? साहेबांनी पंचवीस वर्षांत चाळीसेक कामं पार पाडलेली असतात. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यातलं एकच असतं आणि ते कॉमेंटमध्ये उतरलेलंच नसतं. घाईत लिहिणाऱ्यांची ही सर्वांत मोठी चूक आहे. त्यांना वाटतं, साहेबांना समजेल. साहेबांना कदाचित समजेलही, पण ती ओळ त्यांच्या आत्ताच्या कंपनीतली माणसंही वाचतात आणि त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

एक उदाहरण घेऊन बघू. साल २०१५. नाशिकला सिंहस्थ आहे, पहिली पर्वणी २९ ऑगस्टला. पर्वणीच्या दिवसांत शहरातल्या वाहतुकीवर बंधनं येणार, म्हणून गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या अंबडच्या एका कारखान्याला आधीच माल करून ठेवायचा आहे. प्रेस एकच, भाग सात. म्हणजे पत्र्याला आकार देणारी डाय सारखी बदलावी लागणार, आणि एक डाय उतरवून दुसरी बसवून पहिला चांगला पीस निघेपर्यंत पावणेदोन तास जातात. सगळ्यांचं एकच मागणं, झटपट आवळणारे क्लॅम्प विकत घ्या. साहेब मात्र दोन दिवस घड्याळ आणि कागद घेऊन प्रेसजवळ उभे राहतात. कागदावर दिसतं की बोल्ट आवळण्यात फार वेळ जातच नाही. वेळ जातो तो योग्य लांबीचा टी-बोल्ट शोधण्यात, क्रेनची वाट बघण्यात आणि प्रत्येक डायची उंची वेगळी म्हणून प्रेसचा दाब देणारा रॅम पुन्हा पुन्हा वरखाली लावण्यात. साहेब क्लॅम्पची मागणी बाजूला ठेवतात. सातही डायच्या खाली हव्या त्या जाडीच्या प्लेटा लावून बंद डायची उंची सारखी करून घेतात. जिथे क्लॅम्प बसतो तिथली जाडीही सारखी करतात, म्हणजे एकाच लांबीचे बोल्ट पुरतात. पुढची डाय आधीचं काम चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवायची, असा नियम लागतो. पावणेदोन तासांचे चाळीस मिनिटं होतात.

आता यावर कॉमेंट लिहायची आहे. बहुतेक जण पहिल्या फटक्यात असं लिहितात: ‘सर, तुमच्या मार्गदर्शनाखाली डाय चेंजओव्हरचं प्रोजेक्ट केलं, खूप शिकायला मिळालं.’ प्रोजेक्टचं नाव आलं, पण ‘मार्गदर्शन’ आणि ‘शिकायला मिळालं’ हे कुठल्याही साहेबांना, कुठल्याही कामाबद्दल लिहिता येतं. ‘डाय चेंजओव्हर’ हे शब्द काढून तिथे ‘ईआरपी’ घाला, वाक्य तसंच चालेल. ही कसोटी दर वेळी लावावी. प्रोजेक्टचं नाव बदलूनही वाक्य उभं राहत असेल, तर ते खोडायचं.

साहेबांनी नक्की काय ठरवलं, हे लिहायला हवं. सगळे एक म्हणत असताना त्यांनी दुसरं काय केलं, तो क्षण शोधायचा. इथे तो उघड आहे: सगळे क्लॅम्प मागत होते, साहेब उभे राहून मिनिटं टिपत होते. तेवढं एक चित्र लिहिलं की बाकीची विशेषणं लागत नाहीत.

दुसरी मोठी चूक मराठीत लिहितानाच होते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ती आहे ‘आपण’ या शब्दाची. ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळूनही. ‘सर, आपण क्लॅम्पचा खर्च टाळला’ हे वाचून श्रेय साहेबांचं की लिहिणाराही त्यात आहे, ते कळत नाही. पुढच्याच ओळीत ‘आपण रात्रपाळीत थांबलो’ आलं की गोंधळ वाढतो. काही जण यातून सुटायला सगळीकडे ‘आम्ही’ लिहितात. मग साहेब त्यांच्याच कामातून बाहेर पडतात, कारण ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा त्यात नसतो. सोपी सवय अशी ठेवावी: साहेबांनी केलेल्या गोष्टीला ‘तुम्ही’, टीमने केलेल्या गोष्टीला ‘आम्ही’, आणि खरोखर दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीलाच ‘आपण’. ‘तुम्ही’ने आदर कमी होत नाही. वाक्याच्या सुरुवातीला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ आहे, क्रियापद ‘टिपलीत’, ‘थांबवलंत’ असं आहे, तेवढा आदर पुरतो. समोर ‘साहेब’ म्हणत होतात तर इथेही ‘साहेब’च लिहा. लोकांसमोर एकदम ‘सर’वर येऊ नये आणि नुसत्या पहिल्या नावावर तर नाहीच.

तिसरी गोष्ट वर्षांच्या हिशेबाची. पोस्टमधली वर्षं साहेबांच्या आत्ताच्या कंपनीतली असतात. समजा, ते २०१७ ला तिथे गेले आणि आज आठ वर्षं झाली. मग ‘या आठ वर्षांच्या प्रवासात आपण केलेलं डायचं काम’ हे चूक, कारण ते काम २०१५ मधलं, आधीच्या कारखान्यातलं. नव्या कंपनीतल्या लोकांना वाटतं, हे आपल्याकडे कधी झालं? मग साहेबांनाच खाली खुलासा लिहावा लागतो. त्यामुळे ‘जुन्या कारखान्यात’ हे दोन शब्द घालायलाच हवेत. साल नक्की आठवत नसेल तर त्या वेळच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन करा किंवा जुन्या मेलमध्ये तारीख बघा. तरीही खात्री होत नसेल तर साल सोडून द्या आणि काळ सांगणारी दुसरी खूण लिहा. ‘सिंहस्थाच्या आधी’ एवढं म्हटलं तरी नाशिककरांना काळ समजतो.

आकड्यांबाबत मात्र अगदी काटेकोर राहावं. पावणेदोन तासांचे चाळीस मिनिटं झाले, ही कारखान्याच्या आतली माहिती आहे. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, किती माल परत आला, किती पैसे वाचले, हे तर लिहूच नये. समजा, कोणी लिहिलं, ‘अमुक कंपनीने आपले बारा हजार पीस परत पाठवले होते, तेव्हा तुम्ही रात्रभर थांबून सॉर्टिंग करून घेतलंत.’ लिहिणाऱ्याच्या मनात कौतुकच आहे. पण वाचणाऱ्याला दिसतं ते साहेबांच्या विभागातून खराब माल गेल्याचं. तो ग्राहक आज साहेबांच्या नव्या कंपनीचाही असू शकतो. शिवाय जुन्या कंपनीशी केलेला गोपनीयतेचा करार नोकरी सोडल्यावर सहसा आपोआप संपत नाही. अशा प्रसंगातून फक्त साहेबांची कृती उचलावी, तक्रार मागे ठेवावी. ‘रात्रपाळीत तुम्ही आमच्या शेजारी टेबलावर बसून स्वतः पीस तपासलेत’ एवढंच लिहावं. आकडा द्यावासाच वाटला तर ‘निम्म्याहून कमी वेळात’ पुरे.

डायचं उदाहरण शेवटी असं उतरतं:

‘सर, वर्षपूर्तीच्या मनापासून शुभेच्छा. २०१५ च्या सिंहस्थाआधी अंबडच्या जुन्या कारखान्यात प्रेसची डाय बदलायचा वेळ कमी केला, ते काम आज आठवलं. आम्ही सगळे नवे क्लॅम्प मागत होतो. तुम्ही दोन दिवस प्रेसजवळ उभे राहून मिनिटं टिपलीत आणि आधी सगळ्या डायची उंची सारखी करून घेतलीत. तो कागद तुम्ही डाय सेटरना शेजारी बसवून वाचून दाखवलात, तेव्हा वेळ कुठे जातो हे आम्हाला पहिल्यांदा दिसलं. आजही नवीन मशीनसाठी काही मागण्याआधी मी एक शिफ्ट नुसता बघत उभा राहतो.’

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ‘खूप शिकलो’ या जागी ते येतं आणि काय शिकलो ते सांगतं. पण ते खरं असायला हवं. उभं राहत नसाल तर लिहू नका, कारण खाली तुमचे आत्ताचे सहकारीही वाचत असतात. डाय सेटरचा उल्लेखही मुद्दाम ठेवलेला आहे. ज्यांच्या हातांनी काम झालं त्यांना वगळून साहेबांचं कौतुक केलं की चांगल्या साहेबांना ते खटकतं.

बाकीच्या चुका छोट्या आहेत, पण रोज दिसतात. फोनवर सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात आणि उरलेलं घडीत जातं, म्हणून काम कुठलं ते दुसऱ्या वाक्यातच यावं. अ‍ॅपने सुचवलेलं तयार अभिनंदन आधी पाठवून नंतर स्वतःचं लिहू नका. एकच लिहा, सावकाश. जुन्या टीममधल्या दहा जणांना टॅग करू नका, त्याने साहेबांचा दिवस तुमच्या टीमचा होतो. त्याच कॉमेंटमध्ये ‘काही ओपनिंग असेल तर कळवा’ अजिबात नको. ते काम असेल तर दोन आठवड्यांनी वेगळा मेसेज करा. जुन्या कंपनीबद्दलचा राग, ‘तिथे तुमची किंमत कोणाला कळली नाही’ या रूपातही, लिहू नये. मराठी रोमन लिपीत लिहिण्याचा आळसही टाळावा. ‘Aapan te kaam kela’ वाचताना माणूस दोनदा अडखळतो. देवनागरीत टाइप करायला पाच मिनिटं जास्त लागतील, तेवढी द्यावीत.

पोस्ट तीन दिवसांनी दिसली तरी लिहायला हरकत नाही. ‘उशिराबद्दल क्षमस्व’ने सुरुवात करू नका, पहिली ओळ त्यात वाया जाते. आणि साहेबांनी उत्तरात एखाद्या सेटरची आठवण काढली, तर नुसतं लाइक करून सोडू नका. तो आता कुठे आहे हे माहीत असेल तर एका ओळीत लिहा. त्याचा फोन नंबर साहेबांना हवा असेल, तर आधी त्या सेटरला विचारून घ्या आणि तो खासगी मेसेजमधूनच द्या.