‘हाफ-फिल्ड’ लिहिलंत, पण कोणाचं?

खानापूर, निपाणी भागात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं पीयूसीला येतात आणि विज्ञान एकदम इंग्रजीतून सुरू होतं. मग वाक्यं पाठ होतात. त्यातलं सगळ्यात धोकादायक वाक्य म्हणजे ‘ड्यू टू हाफ-फिल्ड स्टॅबिलिटी’. शिकवणीत उत्तरं तपासताना मला ते दर चार वह्यांमागे एकदा भेटतं. बऱ्याचदा त्याला गुणही मिळतात, म्हणून चूक कळत नाही.

प्रश्न साधा असतो. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना आयनीकरण ऊर्जा वाढते, तर ऑक्सिजनची नायट्रोजनपेक्षा कमी का? उत्तर येतं, ‘नायट्रोजनचं 2p³ अर्धं भरलेलं, म्हणून स्थिर.’ हाच प्रश्न थोडा वळवला की गाडी अडते. मी फळ्यावर लिहिलं : दुसऱ्या आयनीकरण ऊर्जेनुसार N, O, F चढत्या क्रमाने लावा. एका मुलीने O, N, F असं लावलं. कारण? “नायट्रोजन हाफ-फिल्ड आहे की सर!”

आहे, पण पहिला इलेक्ट्रॉन निघण्याआधी. दुसरा इलेक्ट्रॉन निघतो तो अणूतून नव्हे, एकदा धनभार झालेल्या आयनातून. म्हणून संरूपण त्या आयनाचं लिहायचं:

N⁺ : 1s² 2s² 2p²
O⁺ : 1s² 2s² 2p³
F⁺ : 1s² 2s² 2p⁴

आता अर्धं भरलेलं कोण? ऑक्सिजन. त्याची दुसरी आयनीकरण ऊर्जा 3388 किलोज्यूल प्रति मोल, फ्लोरिनची 3374 आणि नायट्रोजनची 2856. क्रम N, F, O. मुलीने N आणि O अणूंची संरूपणं बरोबर लिहिली होती, फक्त ती चुकीच्या टप्प्यावर वापरली. एवढं एक तपासलं तरी निम्म्या चुका तिथेच सापडतात : इलेक्ट्रॉन ज्यातून निघतोय, त्याचंच संरूपण कागदावर आहे का?

पण क्रम बरोबर आला तरी कारण बरोबर असेलच असं नाही. ‘नायट्रोजन विशेष स्थिर’ हे म्हणणं आकड्यांवर घासून बघा. पहिल्या आयनीकरण ऊर्जा : B 801, C 1086, N 1402. मग O 1314, F 1681, Ne 2081. बोरॉनपासून कार्बनला 285ची वाढ, कार्बनपासून नायट्रोजनला 316ची. म्हणजे नायट्रोजन आपल्या चढावर जवळपास सरळच बसतो, एकटा वर उसळलेला नाही. त्याच चढाने ऑक्सिजन 1700च्या आसपास हवा होता, तो 1314 ला आहे. तिथून फ्लोरिन आणि निऑन पुन्हा चढतात, पण खालच्या रेषेवरून. नायट्रोजनच अपवाद असता, तर ऑक्सिजन जुन्या रेषेवर परत आला असता.

बदल ऑक्सिजनपासून सुरू होतो. 2p मधला चौथा इलेक्ट्रॉन आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या ऑर्बिटलमध्ये जोडीने बसतो, त्यामुळे प्रतिकर्षण वाढतं आणि तो काढायला कमी ऊर्जा पुरते. उत्तरात हे जोडीचं वाक्य हवं. ‘स्थिर’ हा शब्द कारण सांगत नाही.

बेरिलियम-बोरॉन, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम या जोड्यांत मात्र जोडीचं प्रतिकर्षण चिकटवू नका. तिथे मॅग्नेशियम (738) 3s मधून इलेक्ट्रॉन सोडतो, ॲल्युमिनियम (578) 3p मधून. 3p ची ऊर्जा वरची आणि त्यावर आतल्या इलेक्ट्रॉनांचं आच्छादनही जास्त. दोन्ही खाचा आलेखावर सारख्या दिसतात, कारणं वेगळी.

लोहाच्या आयनात आणखी एक जुनी चूक. भरताना 4s आधी, म्हणून काढताना 3d आधी, असं मुलं धरून चालतात आणि Fe²⁺ ला 3d⁴ 4s² लिहितात. बरोबर आहे 3d⁶. गंमत म्हणजे एकटे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे चारच, त्यामुळे चुंबकीय आघूर्णाचं उत्तर जुळतं आणि चूक लपते. तपासायचं तर Fe³⁺ घ्या : 3d⁵ मध्ये पाच एकटे, चुकीच्या 3d³ 4s² मध्ये तीन. आणि क्रोमियमच्या 3d⁵ 4s¹ वरून त्याच्या गणाचा नियम करू नका. त्याच गणातला टंगस्टन 5d⁴ 6s² आहे.

परत त्या मुलीकडे. पुढच्या तासाला ती स्वतःच म्हणाली, मग तिसऱ्या आयनीकरणात फ्लोरिन निऑनच्या वर जाणार, कारण F²⁺ चं 2p³. पद्धत बिनचूक होती. आकडे मात्र F 6050, Ne 6122. पहिल्या वेळी 88ची असलेली खाच दुसऱ्या वेळी 14 वर आली आणि तिसऱ्या वेळी उरलीच नाही. आयनाचा भार वाढला की केंद्रकातल्या एका जादा प्रोटॉनमुळे वाढणारी ओढ जोडीच्या प्रतिकर्षणावर मात करते. तिच्या वहीत मी बरोबरची खूणही केली नाही, चुकीचीही नाही. शेजारी फक्त ते दोन आकडे लिहिले.