देहदान-अवयवदानाचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

फॉर्म भरायचा, कार्ड पाकिटात ठेवायचं आणि घरी अवाक्षर काढायचं नाही, ही चूक मी रुग्णालयात समुपदेशनाचं काम करताना सतत पाहते.

साताऱ्याकडच्या एका निवृत्त गुरुजींनी देहदानाचा फॉर्म भरला होता. साक्षीदार कोण, तर सकाळी फिरायला येणारे दोन मित्र. गुरुजी पहाटे गेले. मित्रांनी मेडिकल कॉलेजला फोन केला, पण गुरुजींच्या पत्नीच्या कानावर हे पहिल्यांदाच पडत होतं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दादा आम्हाला कधी बोलला नाही. मुलगा आल्याशिवाय काही ठरवायचं नाही." मुलगा पोहोचला दुपारी. नेत्रदानाची सहा तासांची मुदत तोवर उलटली होती, आणि भावकीत वाद नको म्हणून त्याने अंत्यसंस्कार उरकले. कॉलेजनेही आग्रह धरला नाही. घरच्यांचा विरोध असताना देह कोणी नेत नाही. मला त्या दिरांचा राग येत नाही. गुरुजींनी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

अवयवदानाचंही तसंच. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हयातीत भरायचा तो फॉर्म 7. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक हवा. कायद्याने ही लेखी इच्छा पुरेशी आहे. तरी मेंदूमृत्यू जाहीर झाल्यावर डॉक्टर घरच्यांकडून फॉर्म 8वर संमती घेतात, आणि ते नाही म्हणाले तर प्रक्रिया तिथेच थांबते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: घरात जो सर्वांत जास्त विरोध करेल, त्यालाच साक्षीदार करा. भाऊ अडून बसणारा असेल तर सही भावाचीच घ्या. सहीच्या निमित्ताने जे भांडण व्हायचं ते तुमच्यासमोर होऊन जातं. ज्यांना एवढाही धीर नसतो ते मोबाईलवर ऑनलाइन नोंदणी करून प्रमाणपत्र स्टेटसला लावतात. तेवढ्याने घरच्यांची तयारी होत नाही.

दुसरी चूक म्हणजे देहदान आणि अवयवदान एकच समजणं. घरी हृदय बंद पडून मृत्यू आला तर मूत्रपिंड, यकृत देता येत नाही. डोळे, त्वचा आणि देह देता येतो. अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू झाला तर अवयव देता येतात, पण त्यानंतर शरीररचनाशास्त्र विभाग तो देह सहसा घेत नाही. नेत्रदान केलेला देह मात्र घेतात. त्यामुळे घरी दोन्ही शक्यता सांगून ठेवा.

नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूनंतर लगेच पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोकं थोडं उंच ठेवा.

घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देतील ते आधीच ठरवा. दाखल्याशिवाय कॉलेज देह स्वीकारत नाही. अपघात किंवा संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन झालं की देहदान होत नाही, तेव्हा अंत्यसंस्काराची तयारी करा.