.coot लागलेल्या फायली: अर्ध्या सुटल्या, अर्ध्या नाहीत

सदाशिव पेठेतल्या काकांच्या स्टुडिओतला कॉम्प्युटर. लग्नाच्या प्रत्येक फोटोच्या नावापुढे .coot, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये `_readme.txt`. चिठ्ठीत 980 डॉलरची मागणी, 72 तासांत दिले तर 490. एवढ्यावरच फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या STOP/Djvu या व्हायरसकुळाचा संशय आला. पण एक्स्टेन्शन कोणीही नक्कल करू शकतो, म्हणून चिठ्ठी आणि एक लॉक झालेली फाईल ID Ransomware या असे व्हायरस ओळखणाऱ्या साइटवर टाकली. उत्तर तेच आलं.

कुळ कळलं म्हणजे फायली उघडायची किल्ली मिळाली असं नाही. या कुळात चिठ्ठीच्या तळाचा पर्सनल आयडी पाहायचा. व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो आतच ठेवलेली एक ऑफलाइन किल्ली वापरतो. असा आयडी `t1` ने संपतो. ती किल्ली त्या व्हेरियंटच्या सगळ्यांना सारखीच, त्यामुळे कोणाकडून तरी मिळाली असेल तर आपलंही काम होतं. ऑनलाइन किल्ली मात्र प्रत्येकाची वेगळी.

काकांच्या चिठ्ठीतला आयडी ऑनलाइन निघाला. तरी `C:\SystemID\PersonalID.txt` उघडली, तर तिथे दोन आयडी, एक `t1` वाला! मधेच नेट तुटलं असणार.

आधी अँटिव्हायरसने व्हायरस काढला, नाहीतर सोडवलेल्या फायली पुन्हा लॉक होतात. मग डिस्कची कॉपी करून तिच्यावर एम्सिसॉफ्टचा मोफत डिक्रिप्टर चालवला. ऑफलाइन किल्लीचे फोटो उघडले. बाकीच्यांना त्याने साफ नकार दिला. ते वेगळ्या डिस्कवर ठेवलेत.

‘पैसे घ्या, शंभर टक्के सोडवतो’ म्हणणारा एक जण काकांना भेटला होताच. मी काकांना म्हटलं, त्याला तो ऑनलाइन आयडी दाखवा.