थंडीत पाला झडण्याआधी शेवगा सुकवून ठेवा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता कपाशीची वेचणी सुरू आहे आणि बांधावरचा शेवगा पावसाच्या पाण्यावर हिरवागार उभा आहे. डिसेंबर-जानेवारीत हाच पाला पिवळा पडून गळतो, आणि मार्चनंतर पालेभाजी महागते. म्हणून सुकवणीचं काम दिवाळीच्या आसपास उरकावं.

आधी झाड कुठलं ते बघा. कपाशीच्या बांधावरच्या झाडावर फवारणीचा तुषार उडून येतोच, तेव्हा तो पाला घरात आणू नये. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात आणि काही जण त्यावरही औषध मारतात. असं झाडही यंदा सोडून द्या. परसातलं, घराजवळचं, औषध न लागलेलं झाड निवडा.

सकाळी दव उडाल्यावर कोवळ्या-मध्यम फांद्या छाटा. पिवळी, डागाळलेली पानं काढून पाला स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा, निथळू द्या आणि देठ काढून टाका. देठ राहिले तर ते आत ओले राहतात आणि डब्यात बुरशी तिथूनच सुरू होते. मग ओसरीत किंवा वारा खेळता असलेल्या खोलीत बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरून पाला पातळ पसरा आणि वरून दुसरं विरळ कापड टाका. उन्हात अजिबात नको, कारण ज्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यापासून अंगात अ जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हात झपाट्याने नासतं. दिवसातून दोनदा पाला हलवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत तो तयार होतो. मूठभर पाला चुरगाळून बघा: करकर आवाज करत चुरा झाला तर झालं, वाकला तर अजून एक दिवस. रंग हिरवाच राहायला हवा. तपकिरी झाला असेल तर पाला जाड पसरला होता किंवा ऊन लागलं होतं. मिक्सरमधून दळून, चाळून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. काचेची बरणी उजेडात ठेवू नका. कुबट वास आला तर पूड खाऊ नये, गुरांनाही घालू नये.

आता हिशेब. एक किलो निवडलेल्या पाल्याची साधारण पाव किलोच्या आतबाहेर पूड निघते. चार माणसांच्या घरात माणशी 10 ग्रॅम, म्हणजे सुमारे चार लहान चमचे, दिवसाआड घ्यायचे तर मार्च ते मे साठी सुमारे 1 किलो 800 ग्रॅम पूड लागते. त्यासाठी साधारण आठ किलो पाला काढावा लागेल. कळण्याच्या भाकरीच्या पिठात, वरणात किंवा भाजी उतरवताना ती घाला.

त्यातून मिळतं किती, हेही नीट समजून घ्या. 10 ग्रॅम पुडीत सुमारे 130 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज 1000 मिलीग्रॅम धरली तर हा चांगला हातभार आहे. लोह मात्र सुमारे 2 मिलीग्रॅमच, आणि बाईची गरज दिवसाला 29 मिलीग्रॅम. शिवाय पाल्यातलं लोह अंगी कमीच लागतं. म्हणून ज्या घरात गरोदर बाई किंवा रक्त कमी असलेली मुलगी आहे तिथे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवा. शेवग्याची पूड गोळ्यांऐवजी नाही. लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, पण सुकवताना ते बरंच जातं, म्हणून ताटावर लिंबू पिळा. चहाने लोह अडतं, तेव्हा जेवणाला लागून तो घेऊ नका. अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल लागतंच, ते आपल्या फोडणीत असतं.

पुडीवरच विसंबू नका, ताजी भाजीही लागते. मेथी आत्ता पेरा: एका गुंठ्याला 250 ते 300 ग्रॅम बी, रात्रभर भिजवून. सगळा वाफा एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरला तर फेब्रुवारीपर्यंत जुड्या मिळतील. उन्हाळा लागला की मेथी लवकर फुलावर जाते आणि पान कडू होतं.

तेव्हा पोकळा पेरायचा. बी फार बारीक असतं. गुंठ्याला 20 ग्रॅम पुरतं, वाळूत मिसळून टाका आणि नुसतं हलकं झाका. पंचवीस-तीस दिवसांत भाजी येते आणि न्हाणीच्या मागे जिथे साबण न मिसळलेलं पाणी वळवता येईल तिथे मे महिन्यातही टिकते. मात्र पोकळ्यात ऑक्झलेट जास्त असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून कागदावर आकडा मोठा दिसला तरी अंगी थोडंच लागतं. अ जीवनसत्त्वासाठी पोकळा खा, कॅल्शियमची भिस्त शेवगा आणि मेथीवर ठेवा. मूतखड्याचा त्रास असलेल्याने पोकळा डॉक्टरांना विचारूनच खावा. भाजी उकळून पाणी टाकलं तर ऑक्झलेट कमी होतं, पण क जीवनसत्त्वही त्याच पाण्याबरोबर जातं.