हुकूमनाम्याच्या भाषांतरात मुलाचा ताबा सुटू देऊ नका

घटस्फोटाचा हुकूमनामा भाषांतर करून परदेशी न्यायालयात द्यायचा असेल, तर आधी हे पाहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट झाला असेल, तर मुलाच्या ताब्याचा तपशील बहुतेकदा हुकूमनाम्यात नसतोच. तिथे "निशाणी १२ वरील तडजोडपत्र या हुकूमनाम्याचा भाग राहील" एवढीच ओळ असते. नुसत्या हुकूमनाम्याचं भाषांतर दिलं, तर परदेशी न्यायालयाला घटस्फोट कळतो, पण मूल कोणाकडे आणि भेटी कधी, हे कळतच नाही. म्हणून कौटुंबिक न्यायालयाच्या नक्कल विभागातून हुकूमनामा आणि तडजोडपत्र, दोन्हींच्या प्रमाणित प्रती घ्या.

ज्या देशात कागद द्यायचे तिथे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशासाठीचं सरकारी प्रमाणपत्र, लागत असेल तर तो आधी करून घ्या, म्हणजे त्याचंही भाषांतर त्याच संचात होतं. भाषांतरकार त्या देशाला मान्य असलेला हवा. इथल्या नोटरीचा शिक्का अनेकदा चालत नाही.

शिक्के, समासातले हस्तलिखित शेरे, सगळं भाषांतरात यावं. न वाचता येणाऱ्या जागी 'अवाच्य' असं लिहावं. नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे कळवा, पण मूळ प्रतीत ते वेगळं असेल तर भाषांतरकार ते बदलू शकत नाही. ती दुरुस्ती न्यायालयातूनच करून आणावी लागते.

निकाल एकतर्फी असेल, तर समन्स बजावल्याचा अहवालही जोडा. परदेशातली मान्यता बहुधा याच मुद्द्यावर अडते.