४×१०० रिले: कोणाला कितव्या टप्प्यावर पळवायचं?

चौघांच्या १०० मीटरच्या वेळा पाहून क्रम लावला की हमखास फसतं, कारण ती शर्यत सरळ असते आणि रिलेतला पहिला व तिसरा टप्पा वळणावर असतो.

म्हणून चौघांनाही धावत्या सुरुवातीने ६० मीटर दोनदा पळवा, एकदा सरळ पट्ट्यावर आणि एकदा वळणावर. मग दोन वेळांमधला फरक काढा. समजा, एकाला सरळ ६.४ आणि वळणावर ६.८ सेकंद लागले, दुसऱ्याला ६.६ आणि ६.७. पहिला वेगवान खरा, पण वळणावर तो बाहेर फेकला जातो. वळण दुसऱ्यालाच द्या.

१. कमी फरकाचे दोघे वळणावर. त्यांतला ब्लॉकमधून झटकन उठणारा पहिला, दुसरा तिसऱ्या टप्प्यावर.
२. उरलेल्या दोघांपैकी बॅटन घेण्यात आणि देण्यात सफाई असलेला दुसऱ्या टप्प्यावर. त्याला दोन्ही करावं लागतं आणि बॅटन घेऊन पळायचं अंतरही १०० मीटरपेक्षा जास्त पडू शकतं.
३. शेजारी प्रतिस्पर्धी असतानाही ज्याचे खांदे आखडत नाहीत, तो शेवटी. माझ्या मते फक्त वेगापेक्षा हे जास्त मोलाचं.

ऐनवेळी क्रम बदलू नका. पहिला आणि तिसरा बॅटन उजव्या हातात धरतात, दुसरा आणि चौथा डाव्या. जागा बदलली की हात बदलतो, आणि पळायला कधी सुटायचं यासाठी पावलांनी मोजून लावलेली खूणही चुकते.