आवर्ती कलांची कोरी कार्यपत्रिका : या चुका टाळा

आवर्तसारणीत मूलद्रव्यांचे गुणधर्म कोणत्या दिशेने वाढतात वा घटतात हे दाखवणाऱ्या व्याख्यानाच्या स्लाइडवरील आकडे आणि बाण पुसून उरलेल्या चौकटी छापल्या की कार्यपत्रिका तयार झाली, असा समज अकरावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बऱ्याच शिक्षकांचा असतो. अशी पत्रिका दिसायला नीटनेटकी असते, परंतु विद्यार्थी तिच्यात नेमके काय करणार, कोणत्या क्रमाने करणार आणि त्याने लिहिलेल्या उत्तरावरून शिक्षकाला काय कळणार, याचा विचार तिच्यात झालेला नसतो. पुढे दिलेल्या चुका माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पत्रिकांमध्ये दरवर्षी दिसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अणुत्रिज्येचे आकडे निरनिराळ्या ठिकाणांहून उचलून एकाच ओळीत बसवणे. दुसऱ्या आवर्तात लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६ आणि फ्लुओरीन ६४ पिकोमीटर हे आकडे पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळतात. येथपर्यंत डावीकडून उजवीकडे त्रिज्या कमी होत जाते, कारण कवच तेच राहते आणि केंद्रकावरील धनप्रभार वाढत जाऊन इलेक्ट्रॉनांना अधिक जोराने आत ओढतो. एका सहकाऱ्याने ही ओळ पूर्ण दिसावी म्हणून आठव्या चौकटीसाठी निऑनचा १५४ हा आकडा दुसऱ्या तक्त्यातून घेतला आणि विद्यार्थ्यांना आकडे भरून बाण काढायला सांगितले. गोळा झालेल्या पत्रिका पाहण्यासारख्या होत्या. काहींनी १५४ हा छपाईतील दोष समजून त्यातील एक गाळला आणि ५४ लिहून मोकळे झाले, काहींनी फ्लुओरीनपाशी बाण मोडून शेवटी उलट दिशेचा छोटा बाण जोडला आणि निऑनमध्ये कवच पूर्ण भरते म्हणून अणू फुगतो असे स्पष्टीकरणही खाली लिहिले. शिक्षकाच्या उत्तरसूचीत मात्र १५४ हा आकडा आणि सलग बाण असे दोन्ही बरोबर ठरवलेले होते, त्यामुळे विचार करणाऱ्यांचे गुण गेले आणि डोळे मिटून बाण ओढणाऱ्यांना ते मिळाले.

खरी गोष्ट अशी की फ्लुओरीनचा ६४ हा आकडा दोन बद्ध अणूंच्या केंद्रकांमधील अंतराच्या निम्मा आहे, तर निऑन बंधच तयार करत नसल्यामुळे त्याचा १५४ हा आकडा एकमेकांना केवळ टेकलेल्या, बंध नसलेल्या अणूंवरून काढलेली व्हॅन डर वाल्स त्रिज्या आहे. एकाच गणिती पद्धतीने सर्व त्रिज्या काढणारे तक्तेही असतात आणि त्यांत फ्लुओरीन ४२ व निऑन ३८ असा उतार अखंड राहतो, परंतु त्या तक्त्यातील आकडे वरच्या ओळीत मिसळता येत नाहीत. माझी सवय अशी आहे की त्रिज्येच्या आराखड्यात अठराव्या गणाची चौकट मी तिरप्या रेघा मारून बंद करून टाकतो आणि आकडे कोणत्या प्रकारच्या त्रिज्येचे आहेत ते शीर्षकाखाली एका ओळीत लिहितो. याच ओळीतील लिथियमची त्रिज्या धातूतील अणूंवरून मोजलेली असते, हेही तेथे नोंदवावे, म्हणजे चौकस विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित राहत नाही.

दुसरी मोठी चूक क्रमाची आहे. बाण आधी काढून घेतला की आकडे भरणे हे निव्वळ चढत्या क्रमाने मांडणे होऊन बसते. पहिल्या आयनीभवन ऊर्जेचे उदाहरण घ्या. दुसऱ्या आवर्तासाठी ५२०, ९००, ८०१, १०८६, १४०२, १३१४, १६८१ आणि २०८१ किलोज्यूल प्रति मोल असे आकडे लागतात. हेच आकडे कार्यपत्रिकेच्या तळाशी उलटसुलट क्रमाने छापावेत आणि ते योग्य चौकटीत भरायला सांगावे. ज्याच्या डोक्यात केवळ ‘उजवीकडे वाढते’ एवढेच आहे, तो विद्यार्थी बेरिलियमखाली ८०१, बोरॉनखाली ९००, नायट्रोजनखाली १३१४ आणि ऑक्सिजनखाली १४०२ लिहितो. नेमक्या या दोन जोड्यांची अदलाबदल दिसली की तो कुठे अडला आहे ते विचारण्याची गरज उरत नाही. बोरॉनमधून निघणारा इलेक्ट्रॉन 2s पेक्षा जास्त ऊर्जेच्या 2p उपकवचातला असतो, म्हणून तो बेरिलियममधील इलेक्ट्रॉनापेक्षा सहज निघतो, तर ऑक्सिजनमध्ये 2p मधील एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉन जोडीने बसल्यामुळे त्यांच्यातील प्रतिकर्षणाने एकाला बाहेर काढणे सोपे होते. ‘अर्धे भरलेले उपकवच स्थिर असते’ हे घोकलेले वाक्य मी स्वीकारतो, पण अर्ध्याच गुणांना, कारण ते ऑक्सिजनबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून चौकटी भरून झाल्यावरच बाणाची जागा यावी. दोन घसरणींपाशी विद्यार्थ्याने स्वतः छोटे वर्तुळ काढून त्याच्या शेजारी एका वाक्यात कारण लिहावे, यासाठी आराखड्याखाली दोन रिकाम्या ओळी ठेवाव्यात. वेळ वाचवण्यासाठी या ओळी गाळणाऱ्यांनी पत्रिका मुळात छापूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाणाचा अर्थ पत्रिकेवर छापलेला नसणे हीही नेहमीची गोष्ट आहे. टोक नेहमी वाढत्या मूल्याकडे, हा एकच नियम ठरवावा. मग त्रिज्येचा आडवा बाण उजवीकडून डावीकडे येतो आणि उभा बाण वरून खाली जातो, हे सवयीने डावीकडून उजवीकडे बाण काढणाऱ्यांना सुरुवातीला खटकते, परंतु खटकू द्यावे.

फ्रान्सियमपासून फ्लुओरीनपर्यंत एकच तिरपा बाण काढण्याची युक्ती घाईत असलेल्यांना फार प्रिय असते. विद्युतऋणतेसाठी ती दोन टोके सांगते, पण बेरिलियम आणि अॅल्युमिनियम यांची तुलना विचारली की गप्प बसते, कारण उजवीकडे सरकल्यास मूल्य वाढते आणि खाली उतरल्यास घटते. पाउलिंगच्या मापनश्रेणीवर ही मूल्ये १.५७ आणि १.६१ इतकी जवळ आहेत, आणि हे आकडे भरल्याशिवाय कोणत्याही बाणावरून काढता येत नाहीत. आडवा आणि उभा असे दोन स्वतंत्र बाणच मागावेत.

उरलेल्या चुका छपाईच्या आहेत. अठराही गण आडव्या ए-फोर कागदावर बसवले तर समास सोडून प्रत्येक चौकट जेमतेम १५ मिलिमीटर रुंद राहते आणि चार अंकी संख्या तिच्यात कशीबशी मावते, म्हणून संक्रमण मूलद्रव्ये वगळून मुख्य आठ गणच घ्यावेत, म्हणजे चौकट दुपटीहून मोठी होते. एका आराखड्यावर एकच गुणधर्म ठेवावा. रंगीत चौकटी झेरॉक्समध्ये काळ्या येतात. मूलद्रव्याची संज्ञा आणि अणुअंक चौकटीत छापूनच द्यावेत, नाहीतर अर्धा तास तेच उतरवण्यात जातो. एकक चौकटीत न लिहिता शीर्षकात लिहावे.